धागा: दहावीची छायांकित भागाची वर्कशीट, माझी मार्किंग स्कीम आणि तीन उत्तरपत्रिका

रामबाग_ट्यूशन
नमस्कार मंडळी, मी घरी दहावीच्या बावीस मुलांची ट्यूशन घेते, सगळी सीबीएसईची. प्री-बोर्डच्या आधी छायांकित भागाच्या क्षेत्रफळाची छोटी वर्कशीट दिली, तीनच प्रश्न, आठ गुण. आता मार्क देताना फसलेय म्हणून इथे टाकतेय, जाणकारांनी सांगा.

प्रश्न १ (२ गुण): १४ सेमी बाजूचा चौरस, एका कोपऱ्यातून १४ सेमी त्रिज्येचं पाव वर्तुळ, पाव वर्तुळाच्या बाहेरचा भाग छायांकित. उत्तर १९६ − १५४ = ४२. ह्यात काही वाद नाही.

प्रश्न २ (३ गुण): १४ सेमी बाजूचा चौरस, चारी बाजूंवर आतल्या बाजूला अर्धवर्तुळं काढलीयेत, मध्ये चार पाकळ्यांचं फूल होतं ते छायांकित. उत्तर ११२ चौ.सेमी.

प्रश्न ३ (३ गुण): ३.५ सेमी त्रिज्येची तीन वर्तुळं एकमेकांना चिकटून, मधली तिकोनी फट छायांकित. उत्तर १.९६७ चौ.सेमी.

प्रश्न २ ची माझी स्कीम: चौरस १९६ ला ½, समोरासमोरची दोन अर्धवर्तुळं मिळून १५४ ला १, त्या दोघांच्या बाहेर उरलेले दोन कोरे भाग ४२ ला ½, असे चार कोरे भाग म्हणून ८४ ला ½, शेवटी १९६ − ८४ = ११२ युनिटसकट ½.

आता कॉप्या. पहिल्या मुलानी १९६ − १५४ = ४२ लिहिलं, मग १९६ − ४२ = १५४ उत्तर. मी २ दिले. दुसऱ्यानी चौरस १९६ लिहिला, खाली πr² = १५४ आणि हेच उत्तर म्हणून डबा केला, त्यालाही २ गेले कारण १९६ आणि १५४ दोन्ही दिसले. तिसरीनी लिहिलंय ४ × ७७ = ३०८, ३०८ − १९६ = ११२, बस, एक शब्द नाही. माझ्या स्कीममध्ये ही पद्धतच नव्हती, मी १ दिला आणि तिची आई काल संध्याकाळी फोनवर वीस मिनिटं बोलली.

दहावीची_आई
ती आई मी नाही पण मी असते तर चाळीस मिनिटं बोलले असते 😄 उत्तर बरोबर आहे ताई, ११२ आहे ना मग एक मार्क कसा?

पोहेजलेबी
मुळात हे सिलॅबसमध्ये आहे का? एनसीईआरटीनी २०२२ मध्ये पुस्तक कमी केलं तेव्हा ही जोड-आकृत्यांची पूर्ण एक्सरसाइज काढून टाकली ना, माझ्या पुतण्याच्या पुस्तकात नाहीये. उगाच पोरांना छळता.

निवृत्त_मास्तर
पोहेजलेबी, तुम्ही अर्धं बरोबर बोललात. एक्सरसाइज निघाली हे खरं. पण सेक्टर आणि सेगमेंट राहिलेत, आणि सेगमेंटला केंद्राचा कोन ६०, ९० नाहीतर १२० अंश एवढीच मर्यादा घातलीये. (आमच्या मराठी शाळेत वर्तुळपाकळी म्हणायचे, इथली पोरं सेक्टर नाहीतर त्रिज्यखंड म्हणतात, पाकळी म्हटलं की हसतात.) आता रामबागताईंची पाकळी नीट पाहा. एका पाकळीत टोकापासून मध्यापर्यंत रेघ मारली की दोन सेगमेंट होतात, प्रत्येक ९० अंशाचा, त्रिज्या ७. सेक्टर ३८.५, त्यातून त्रिकोण २४.५ वजा, राहिले १४. असे आठ म्हणजे ११२. म्हणजे आजच्या पुस्तकातूनही हा प्रश्न सुटतो. शाळेनं विचारावा का हा वेगळा विषय, मी तिथे जात नाही.

आता कॉप्यांकडे येतो. ताई, तुमची सगळ्यात मोठी चूक दुसऱ्या कॉपीत आहे, तिसरीत नाही.

पहिला मुलगा विचार करून चालला होता. दोन अर्धवर्तुळं काढली, उरलेले दोन कोरे भाग ४२ आले, आणि डाव्या-उजव्या जोडीचे दोन कोरे भाग अजून बाकी आहेत हे विसरला. दुसऱ्यानी चौरसात मावणारं एक मोठं वर्तुळ धरलं, त्रिज्या ७, क्षेत्रफळ १५४, झालं. त्याच्या डोक्यात फूल आलंच नाही. दोघांचं उत्तर १५४, पण एकाचा रस्ता बरोबर होता आणि शेवटचं वळण चुकलं, दुसरा वेगळ्याच गल्लीत. दुसऱ्याला चौरसाचा ½ द्या, बाकी शून्य. त्याचे १५४ हे अर्धवर्तुळांचं क्षेत्रफळ नाहीच, आकडा जुळला म्हणून मार्क द्यायचा नसतो.

भिया_इंदोरी
सर मग सोपं आहे, आकडे बदलून टाका. १४ च्या जागी २० घ्या, मग दोघांची उत्तरं वेगळी येतील आणि कळून जाईल कोण कुठे चुकला.

निवृत्त_मास्तर
नाही येणार भिया, करून पाहा. २० घेतला, π ३.१४, तर चौरस ४००, दोन अर्धवर्तुळं ३१४, उरले ८६. पहिला मुलगा ४०० − ८६ = ३१४ लिहिणार. दुसरा १० त्रिज्येचं वर्तुळ काढून ३१४ लिहिणार. कोऱ्या भागाची एक जोडी विसरली की जे उरतं ते दोन अर्धवर्तुळंच असतात, आणि दोन अर्धवर्तुळं म्हणजे एक वर्तुळ. बाजू काहीही घ्या, हे दोन चुकीचे रस्ते एकाच दारात येतात. म्हणून ह्या प्रश्नात फक्त शेवटची ओळ पाहून मार्क देताच येत नाहीत, मधली ओळ वाचावीच लागते.

मात्र आकडे बदलायचं एक दुसरं कारण आहे. प्रश्न १ आणि २ दोन्हीत बाजू १४ ठेवलीये. १४ त्रिज्येचं पाव वर्तुळ १५४, ७ त्रिज्येचं पूर्ण वर्तुळ पण १५४. म्हणजे दुसऱ्या मुलानी प्रश्न १ चा आकडा तसाच खाली उचलला असेल हेही होऊ शकतं. प्रश्न १ ला बाजू २१ ठेवा, एवढं तरी कळेल.

रामबाग_ट्यूशन
अरे देवा, हे माझ्या डोक्यातच आलं नाही 🙈 मी २२/७ ला सोपं जावं म्हणून सगळीकडे १४ टाकत गेले. दुसऱ्याची कॉपी आत्ता परत काढली, आकृतीत त्यानी पेन्सिलनी मोठं गोल काढलंय, मास्तर म्हणतात तेच. ½ करते. आणि तिसरी?

भिया_इंदोरी
तिसरी म्हणजे उत्तर पाठ करून आली असेल, यूट्यूबवर हा शॉर्टकट आहे, चार अर्धवर्तुळं वजा चौरस. समजून नाही केलेलं. मीपण दहावीत असंच करायचो 😅

निवृत्त_मास्तर
असेलही पाठ. पण बोर्डाच्या मार्किंगच्या सूचनांमध्ये स्पष्ट असतं की दुसरी योग्य पद्धत असेल तर तिला त्या प्रमाणात मार्क द्या. स्कीममधले टप्पे तिच्या पद्धतीवर बसवायचे, तिला आपल्या टप्प्यांवर बसवायचं नाही. अर्धवर्तुळ ७७ आणि चार मिळून ३०८, चौरस १९६, वजाबाकी ११२, सगळं कागदावर आहे. माझे ३.

इंजिनियर_पण_मराठी
मास्तर थोडं अडतंय. ३०८ − १९६ का बरोबर आहे हे तिनं कुठे सांगितलं? ‘पाकळ्या दोनदा मोजल्या’ असं सगळे म्हणतात, पण चार अर्धवर्तुळं मिळून पूर्ण चौरस झाकतात, कुठे तीनदा झाकत नाहीत, हे दाखवायला नको? नाहीतर मग कुठल्याही आकृतीत कोणी अर्धवर्तुळं वजा चौकोन करेल.

निवृत्त_मास्तर
चांगला प्रश्न विचारलात, खरं तर हेच मुलांना शिकवायला हवं. चौरसाचे दोन्ही कर्ण काढा. चार त्रिकोण होतात, मध्यबिंदूपाशी प्रत्येकाचा कोन ९० अंशाचा. आता अर्धवर्तुळातला कोन ९० अंशाचा असतो हे नववीपासून माहीत आहे, म्हणून प्रत्येक बाजूवरचं अर्धवर्तुळ बरोबर मध्यबिंदूतून जातं. म्हणजे एका अर्धवर्तुळात काय आहे? त्या बाजूचा त्रिकोण पूर्ण, आणि त्रिकोणाच्या दोन बाजूंना चिकटलेले दोन सेगमेंट. चार अर्धवर्तुळं मिळून चार त्रिकोण, म्हणजे अख्खा चौरस एकदा, आणि वर आठ सेगमेंट. आठ सेगमेंट म्हणजे चार पाकळ्या. म्हणून वजा केलं की फूल उरतं.

ह्यात ९० अंश गेले की सगळं गेलं. गेल्या वर्षी एका ठिकाणच्या पेपरात कोणीतरी ‘नवीन’ प्रश्न करायला चौरसाचा १४ × १० चा आयत केला आणि आकृती तीच ठेवली. १४ च्या बाजूवरच्या अर्धवर्तुळाची उंची ७. समोरून दुसरं ७ येतंय, मध्ये जागा १०. दोघं एकमेकांत घुसतात, पाकळ्या राहतच नाहीत. पेपर काढणाऱ्यानी आकृती मापानी काढलीच नव्हती, कंपासनी एकदा काढली असती तर तिथेच दिसलं असतं.

इंजिनियर_पण_मराठी
हां, आता पटलं. पण मग तिनं चौरस आहे म्हणून चालतं असं एक वाक्य लिहिलं नाही तर ½ कापायचा की नाही? मी कापला असता.

निवृत्त_मास्तर
मी नाही कापणार. तीन मार्कांच्या प्रश्नात कारण मागितलं नव्हतं. पाहिजे असेल तर पुढच्या वेळी प्रश्नातच ‘कारण लिहा’ लिहून त्याचा वेगळा ½ ठेवा.

दहावीची_आई
पहिल्या मुलाचं काय झालं, तो राहिला. २ की २½?

निवृत्त_मास्तर
२½. एकदा झालेल्या चुकीचा परिणाम पुढे पुढे कापत जायचा नाही, चूक एकदाच कापायची, हेपण सूचनेत असतं. जोडी विसरला तिथे ½ गेला. पुढची वजाबाकी त्याच्या आकड्यांनी बरोबर आहे, युनिट आहे.

इंजिनियर_पण_मराठी
इथे मी ताईंच्या बाजूनी. शेवटचा ½ हा ‘११२ चौ.सेमी’ ह्या उत्तराचा आहे, उत्तर चुकलं तर तो कसा मिळेल? आणि शिवाय फूल पूर्ण वर्तुळाएवढं येतंय हे पाहूनच थांबायला हवं होतं, आकृतीत दिसतंय की फूल वर्तुळापेक्षा लहान आहे.

रामबाग_ट्यूशन
मास्तर २½, इंजिनियरसाहेब २, मी अजून विचार करतेय. आता प्रश्न ३ कडे या ना कोणी, तिथे तर पूर्ण राडा आहे. बावीस पोरांत पाच वेगळी उत्तरं आलीत, १.९६७, १.९४, १.९८, १.५७५ आणि एकानी २. मी π = २२/७ छापलं होतं पण √३ छापायचं राहिलं.

दहावीची_आई
१.५७५ वाली माझी आहे 🙋‍♀️ म्हणजे तुमच्याकडे नाही, पण तिच्या शाळेतही हाच प्रश्न होता, तिनं √३ = १.७ घेतला आणि सगळे ३ मार्क गेले. ती म्हणते वर्गात मॅडमच म्हणाल्या होत्या की रफली १.७ घ्या.

निवृत्त_मास्तर
तीन तर नाही जायला पाहिजेत. पण हे का होतं ते समजून घ्या. तिन्ही केंद्रं जोडली की ७ सेमी बाजूचा समभुज त्रिकोण. त्याचं क्षेत्रफळ ४९√३/४. त्यातून ६० अंशाचे तीन सेक्टर काढायचे, तीन मिळून अर्धं वर्तुळ, १९.२५. √३ = १.७३२ घेतलं तर त्रिकोण २१.२१७ आणि फट १.९६७. १.७३ घेतलं तर २१.१९२५, फट १.९४२५. π ३.१४ घेतलं तर सेक्टरच १९.२३२५, फट १.९८४५. आणि १.७ घेतलं तर त्रिकोण २०.८२५, फट १.५७५.

त्रिकोणात चूक झाली जेमतेम चाळीस पैशांची. एकवीस रुपयांत चाळीस पैसे कोणाला दिसत नाहीत. पण एकवीसमधून सव्वाएकोणीस वजा केले की हातात दोन रुपयेसुद्धा राहत नाहीत, आणि चाळीस पैसे पूर्ण त्यातच. म्हणून √३ दोन टक्क्यांनीही चुकला नाही तरी उत्तर वीस टक्के खाली आलं. दोन जवळजवळ सारखे आकडे वजा करायचे असले की हे होणारच. जुन्या एनसीईआरटीत ह्याच आकृतीचा मोठा भाऊ होता, त्रिकोणाचं क्षेत्रफळ १७३२०.५ दिलेलं, आणि सोबत π = ३.१४, √३ = १.७३२०५ छापलेलं. ते पाच दशांश शोभेला नव्हते.

रामबाग_ट्यूशन
मग सीबीएसईच्या पेपरवर वर जे लिहिलेलं असतं की सांगितलं नसेल तर π २२/७ घ्या, तसं √३ चं नसतं का?

निवृत्त_मास्तर
π चं असतं. √३ ज्या प्रश्नात लागतो तिथे त्या प्रश्नातच द्यायचा, नाहीतर उत्तर √३ मध्येच मान्य करायचं. तुमच्या वर्कशीटमध्ये ४९√३/४ − १९.२५ लिहून सोडलेल्यालाही पूर्ण मार्क. स्कीम अशी ठेवा: केंद्रं जोडून समभुज त्रिकोण ओळखला ½, त्याचं क्षेत्रफळ १, तीन सेक्टर १, वजाबाकी ½. ह्यात १.७ वालीचे २½ तरी होतात. ज्यानी २ लिहिलं त्यानी कसं लिहिलं?

रामबाग_ट्यूशन
नुसतं ‘सुमारे २’. वरती सगळं बरोबर आहे, २१.२ − १९.२५ = १.९५ म्हणजे सुमारे २.

इंजिनियर_पण_मराठी
त्याला ३ द्या आणि माझ्याकडे पाठवा 😄

जुना_वाडा
मंडळी मला जरा मदत करा. राजवाड्याच्या मागे आमचं जुनं घर आहे, खाली २४० टाइल्स आहेत ८ इंची, त्यावर हेच चार पाकळ्यांचं फूल आहे लाल. पॉलिशवाला म्हणतो लाल भाग वेगळा रंगवावा लागेल, स्क्वेअर फुटावर पैसे घेणार, आणि पूर्ण फरशीचे सांगून राहिला. फुलाचं किती होईल? दहावी १९८१ ला झाली, आता काही आठवत नाही.

भिया_इंदोरी
काका हा दहावीच्या पेपरचा धागा आहे 😂

निवृत्त_मास्तर
असू दे, काका बरोबर जागी आलेत. फूल चौरसाचे बरोबर ४/७ येतं, π २२/७ धरलं तर. ताई, पडताळायलापण हे उपयोगी आहे, १९६ × ४/७ = ११२, प्रश्नाची बाजू बदलली की उत्तर लगेच काढता येतं. मुलानी मात्र नुसतं ४/७ लिहिलं तर मी शेवटचा ½ च देईन.

काका, तुमची पूर्ण फरशी २४० × ६४ ÷ १४४, म्हणजे १०६.७ स्क्वेअर फूट. फूल टाइलच्या कोपऱ्यापर्यंत जात असेल तर लाल साधारण ६१. पण जुन्या टाइल्सना बहुतेक कडेला पट्टी असते. तेव्हा एका पाकळीच्या टोकापासून समोरच्या पाकळीच्या टोकापर्यंत तिरकं मोजा. ते १० इंच आलं तर फुलाचा चौरस ५० स्क्वेअर इंचांचा, लाल २८.६, आणि सगळ्या मिळून ४७–४८ स्क्वेअर फूट. आणि पाकळी खरंच अर्धवर्तुळांची आहे का ते पाहा, टोकाशी पोस्टकार्डाचा कोपरा ठेवा. तिथे कडा कोपऱ्याला धरूनच निघाल्या पाहिजेत, कारण दोन्ही अर्धवर्तुळं कोपऱ्यात चौरसाच्या बाजूंना स्पर्श करून निघतात. टोक त्याहून निमुळतं असेल तर कारागिरानी मोठ्या कंपासनी पाकळी काढलीये, लाल कमी भरेल आणि माझा हिशेब लागू नाही.

टोनरभाऊ
मी झेरॉक्सवाला, एक माझ्याकडूनही. मॅडम तुम्ही छायांकित भाग कंप्यूटरवर हलक्या करड्या रंगात देता ना, तो कॉपीत उडतो नाहीतर काळा गोळा होतो. परवा एका सरांची वर्कशीट पंचावन्न कॉप्या काढून दिली, मग पोरं विचारून राहिली की छायांकित कुठला. तिरप्या रेघा मारून द्या, रेघांमध्ये दोन मिमी जागा सोडून. त्या कॉपीच्या कॉपीतही राहतात.

रामबाग_ट्यूशन
भाऊ माझा करडाच होता 😭 म्हणजे प्रश्न १ मध्ये तीन जणांनी पाव वर्तुळाचंच १५४ लिहिलंय ते ह्यामुळे असेल का? त्यांच्या कागदावर पाहते.

रामबाग_ट्यूशन
पाहिलं. तिघांपैकी दोघांच्या कागदावर करडं दिसतच नाहीये, चौरस आणि कमान, बस. त्या दोघांचा प्रश्न १ परत घेणार, ह्यावेळी बाजू २१ आणि रेघा. तिसऱ्याच्या कागदावर स्वच्छ दिसतंय, त्याचा चौरसाचा ½ सोडून बाकी गेला. फुलातल्या मुलीला ३ केले आणि तिच्या आईला फोन केला, ती म्हणे आता बाकीच्या कॉप्यापण दाखवा. पहिल्या मुलाचं २ की २½ अजून पेन्सिलनीच लिहिलंय.

जुना_वाडा
पोस्टकार्ड मिळालं नाही, लग्नाच्या पत्रिकेचा कोपरा लावला. अकरा टाइल्सवर बसतो, बाराव्या टाइलवर टोकच झिजलंय. तिरकं माप साडेदहा इंच. मास्तर, आता किती?

निवृत्त_मास्तर
साडेदहा गुणिले साडेदहा ११०.२५, निम्मे ५५.१, त्याचे ४/७ म्हणजे ३१.५ स्क्वेअर इंच. गुणिले २४०, भागिले १४४, साडेबावन्न स्क्वेअर फूट. पॉलिशवाल्याला त्रेपन्न सांगा, आणि पहिल्या दहा टाइल्सना डबा किती लागतो ते त्याच्यासमोरच पाहा.